बॉलिंग टाकताना पुढचा पाय सटकतो: नवे बूट घेण्याआधी जमिनीवरची खूण बघा

थंडी सुरू झाली की दर वर्षी दोन-तीन पोरं तरी माझ्याकडे येतात. तक्रार एकच: "काका, टाकताना पुढचा पाय सटकतोय." घरी त्यावर ठरलेला इलाज म्हणजे नवे बूट. माझ्या पुतण्याने एका मोसमात दोन जोड बदलले, आणि तिसऱ्यासाठी माझ्या भावाच्या मागे लागला होता. सटकणं काही थांबलं नव्हतं. शेवटी एका रविवारी मी बाउंड्रीवरून उठून त्याच्या ओव्हरनंतर क्रीजपाशी गेलो, वाकून त्याच्या पायाची खूण बघितली, आणि दोन मिनिटांत कारण कळलं. नवीन बुटांची गरजच नव्हती.

ही पोस्ट मुख्यतः मीडियम पेस आणि त्याहून जोरात टाकणाऱ्यांसाठी आहे. फलंदाजी आणि फिल्डिंगचं शेवटी थोडक्यात लिहिलंय, कारण तिथे बुटांचा घोळ इतका होत नाही.

आधी पाय कुठे आणि कसा पडतो ते डोळ्यांसमोर आणा. उजव्या हाताने टाकणाऱ्याचा डावा पाय पॉपिंग क्रीजजवळ पडतो. बहुतेकांची टाच आधी टेकते आणि मग पंजा. रनअपमधून आलेलं सगळं अंग त्या एका पायावर येतं, आणि त्या क्षणी पायावर वजनाच्या पाच-सहा पट किंवा त्याहून जास्त दाब पडतो. हा दाब नुसता खाली जात नाही, पुढेही ढकलतो. म्हणजे बूट पुढे सरकू न देण्याचं पहिलं काम टाचेचं आहे. पंजा टेकतो तेव्हा निम्मा खेळ आटोपलेला असतो. हे डोक्यात ठेवलं की पुढचं सगळं सोपं जातं.

इथे एक गोष्ट जाता जाता सांगतो, कारण पोरं यावरून पंचांशी भांडतात. नो-बॉल ठरतो तो पाय पडताना. त्या वेळी पायाचा थोडा तरी भाग, मग तो जमिनीला टेकलेला असो की टाच हवेत असो, पॉपिंग क्रीजच्या मागे असला की चेंडू कायदेशीर. नंतर पाय घसरून रेषेपुढे गेला तर तो नो-बॉल नाही. पण पंच माणूस आहे. पाय पडणं आणि घसरणं एका झटक्यात होतं, त्याला शेवटी दिसतो तो रेषेपुढचा बूट. त्यामुळे सटकणाऱ्या पोराला नसलेले नो-बॉलही मिळतात.

खूण कशी वाचायची

टर्फवर ओव्हर संपली की क्रीजपाशी थांबून खाली बघा. सरावात असाल तर आणखी सोपं आहे: जिथे पाय पडतो तिथे फक्कीचा पातळ हात मारा आणि तीन-चार चेंडू टाका. पांढऱ्यावर सगळं स्वच्छ दिसतं. (मॅचमध्ये असलं काही करू नका, आणि फक्की फुंकायला जाऊ नका, डोळ्यात गेली की दिवस गेला.)

पायाने नीट पकड घेतली असेल तर खिळ्यांची भोकं सुटी सुटी दिसतात. फार तर प्रत्येक भोक बोटाच्या पेराएवढं पुढे ओढलेलं असतं. तेवढं सरकणं चांगलंच. पाय एकदम जाम झाला तर झटका गुडघ्याला आणि कमरेला बसतो.

टाचेच्या जागी गुळगुळीत पट्टा आणि त्यापुढे पंजाची भोकं दिसली, तर टाच पकडत नाहीये. खुणेत कंगव्याने ओढल्यासारख्या समांतर रेघा असतील, तर खिळे जमिनीत घुसतच नाहीत, वरून खरवडत जातायत. भोकंही नाहीत, रेघाही नाहीत, अख्ख्या तळव्याएवढा चकचकीत फराटा आहे, तर बुटाच्या तळाला माती बसलीय. आणि मातीचं ढेकूळच उखडून पुढे पडलं असेल, तर बुटाने आपलं काम केलंय, जमीन सुटलीय.

पाचवा प्रकार फसवा आहे. खूण एकदम चांगली, तरी पोरगा म्हणतो सटकतंय. त्याला मोजा काढायला लावा. अंगठ्याचं नख काळंनिळं असेल तर पाय बुटाच्या आत पुढे सरकतोय. "वाढत्या पायाचं पोरगं" म्हणून एक नंबर मोठा घेतलेल्या बुटात हे हमखास होतं. जाड मोजा आणि सगळ्यात वरच्या भोकातून लेस घेऊन घोट्याभोवती आवळून बांधणं, एवढ्याने बऱ्याचदा भागतं.

पुतण्याचं काय झालं होतं

डिसेंबरातला रविवार, सकाळी आठची मॅच, टर्फ विकेट. पहिल्या ओव्हरला त्याला दोन नो-बॉल मिळाले, एकदा तर तो पडता पडता वाचला. मी जाऊन बघितलं तर टाचेच्या जागी चार बोटं लांब गुळगुळीत पट्टा, आणि पुढे पंजाची सात भोकं ठसठशीत. बूट उलटा करायला सांगितला. पुढे सात लोखंडी खिळे, टाचेला चार रबरी गुट्ट्या.

"टाचेला रबर का बे?"

"काका, ते निघालेच नाहीत. पुढचे तर लावलेत सगळे."

त्याचे बूट दुहेरी होते. म्हणजे खिळे फिरवून काढायचे आणि त्याच भोकांत रबरी गुट्ट्या बसवायच्या, चावी बुटांबरोबरच मिळते. खिळ्यांची संख्या कंपनीप्रमाणे कमी-जास्त असते, त्याच्या बुटाला पुढे सात आणि टाचेला चार होत्या. मंगळवारी आणि गुरुवारी त्याचा सराव सिमेंटवर अंथरलेल्या मॅटवर, तेव्हा सगळीकडे रबर. शनिवारी रात्री टर्फसाठी लोखंडी खिळे लावायचे. टाचेच्या गुट्ट्या घट्ट बसलेल्या, चावी गुळगुळीत फिरायला लागली, आई जेवायला हाक मारतेय, त्याने नाद सोडला. मग त्याने बूटच बदलले, पण नव्या जोडाचंही महिन्याभरात तेच. कारण सवय तीच होती.

बाजारात "हाफ स्पाइक" म्हणून जे मिळतात, त्यांची रचना नेमकी अशीच असते: पंजाला खिळे, टाचेला रबर. ते फलंदाजासाठी चांगले असतात. दवाने ओलसर टर्फवर फास्ट बॉलरने ते घालणं म्हणजे ज्या टाचेवर सगळा भार, तिलाच साबण लावण्यासारखं आहे. दुकानात विचारून घ्या: टाचेला खिळे लागतात का? "क्रिकेटचे बूट द्या" एवढंच म्हणाल तर समोर जे असेल ते मिळेल.

अडकलेली गुट्टी काढायची रीत

टाचेच्या गुट्ट्याच का अडकतात? प्रत्येक चेंडूला टाच आपटते आणि थोडी पिळली जाते, त्यामुळे त्या आणखी आत आवळत जातात. त्यात आपल्याकडचा मुरूम. त्याची बारीक भुकटी आट्यांत शिरते, पाणी आणि घाम लागला की सिमेंटसारखी बसते, आणि खालून गंज चढतो.

बूट रात्रभर कोरडा ठेवा. ओल्या मातीवर जोर लावून उपयोग नाही. गुट्टीच्या कडेची माती सुईने किंवा दाभणाने कोरून काढा. चावीची दोन टोकं ज्या बारीक भोकांत बसतात ती भोकंही साफ करा. चावी घसरते त्याचं कारण बहुतेक वेळा तीच भरलेली असतात. मग शिवणयंत्राचं तेल गुट्टीच्या कडेने दोन-तीन थेंब सोडा आणि सकाळपर्यंत विसरा. तेल तळव्याला पसरू देऊ नका, चिकटवलेल्या जागी गेलं तर सोल सुटतो.

सकाळी बूट मांडीवर न घेता जमिनीवर उलटा ठेवा, आत मूठ घालून आधार द्या, चावी वरून दाबत फिरवा. आधी केसभर घट्ट करायच्या दिशेला फिरवा, गंज तडकतो, आणि मग सोडवायच्या दिशेला. चावीची भोकं झिजून गोल झाली असतील तर पक्कडीने धरून फिरवा. तीही बसत नसेल तर हॅक्सॉच्या पात्याने गुट्टीवर आडवी खाच पाडा आणि रुंद स्क्रू ड्रायव्हर लावा. गुट्टी वाया जाते, बूट वाचतो. चपला-बूट शिवणारे काका हे काम पाच मिनिटांत करून देतात, स्वतःवर भरवसा नसेल तर त्यांच्याकडे न्या.

गुट्टी निघाली की भोक जुन्या टूथब्रशने साफ करून कोरडं करा. नवा खिळा लावताना पहिले दोन-तीन आटे हाताने फिरवा, चावीने नाही. हाताने सहज जात नसेल तर खिळा वाकडा चढतोय, काढून परत लावा. वाकडा चढवलेला खिळा आतला आटा कापतो, आणि एकदा तो आटा गेला की तिथे काहीच टिकत नाही. आट्याला व्हॅसलीनचं बोट फिरवा, पुढच्या शनिवारी दुवा द्याल. चावीने घट्ट करा, पण दात-ओठ खाऊन नाही. पहिली दोन षटकं टाकली की एकदा परत चावी फिरवा, कारण नवे बसवलेले खिळे पहिल्या आपटण्याने थोडे सैल होतात. मैदानात हरवलेले बहुतेक खिळे हे दुसऱ्यांदा न आवळलेले असतात, आणि तो खिळा पुढे कुणाच्या हाताखाली येईल सांगता येत नाही.

मग परत सटकायला लागला

टाचेला खिळे लागले, पुढच्या रविवारी पहिली तीन षटकं पोराने मस्त टाकली. चौथ्याला परत तेच. पुन्हा जाऊन बघितलं, खूण बदललेली. आता चकचकीत फराटा. बूट उलटा केला तर खिळे दिसतच नव्हते, मधली सगळी जागा काळ्या मातीने भरून सपाट झाली होती.

आपली काळी माती सुकली की दगड आणि ओली झाली की डिंक. पहाटेच्या दवाने किंवा आदल्या दिवशीच्या पाण्याने टर्फचा वरचा थर दमट असतो. खिळ्यांबरोबर ती उचलली जाते, दर पावलाला थर वाढत जातो. थर खिळ्याच्या टोकापर्यंत आला की तुम्ही खिळ्यांवर उभेच नसता, मातीच्या वहाणेवर उभे असता. पहिल्या षटकात काही होत नाही आणि चौथ्यात होतं, त्याचं कारण हेच. "सुरुवातीला बरं असतं, नंतर सटकतं" असं कुणी म्हटलं की माझा पहिला संशय मातीवर.

उपाय फार साधा आहे आणि म्हणूनच कुणी करत नाही. आइस्क्रीमची लाकडी काडी खिशात ठेवायची आणि रनअपच्या सुरुवातीला जाताना दर तीन चेंडूंनी टाच खरवडायची. नुसता पाय आपटून पुढची माती पडते, टाचेच्या चार खिळ्यांमधली पडत नाही. ऊन वर आलं, साडेनऊ-दहा वाजले की पृष्ठभाग सुकतो आणि हा त्रास आपोआप संपतो.

उन्हाळ्यातलं सटकणं वेगळं

एप्रिल-मेमध्ये तक्रार तीच, खूण मात्र कंगव्याची. रोलर मारून मारून आणि उन्हाने तापून काळ्या मातीची विकेट इतकी कडक होते की झिजलेला खिळा तिच्यात घुसत नाही. बूट हातात घ्या आणि न वापरलेला एक सुटा खिळा शेजारी धरून बघा. जुन्याचं टोक गोल होऊन उंची निम्म्यावर आली असेल तर बदला. सगळे अकराच्या अकरा लागतात असं नाही. पुढच्या पायाच्या टाचेचे चार आणि अंगठ्याखालचे एक-दोन आधी जातात. पण टाचेचे चारही एकदम बदला. एक उंच आणि तीन बुटके असले तर पाय त्या एकावर तिरका होतो.

खिळे बॉलिंगने जेवढे झिजतात त्याहून जास्त चालण्याने झिजतात. गाडीपासून मैदानापर्यंतचा डांबरी रस्ता, पॅव्हेलियनच्या पायऱ्या, पाण्याच्या टाकीजवळचं सिमेंट. पुतण्याला मी एकच नियम घातलाय: बाउंड्रीच्या दोरीपर्यंत चप्पल. आधी पोरं हसायची, आता तिघं-चौघं तसंच करतात.

आपल्या उन्हाचा आणखी एक प्रताप. धुतलेले बूट पत्र्यावर वाळत टाकू नका, गाडीच्या डिकीतही ठेवू नका. बेचाळीस-त्रेचाळीस डिग्रीत गाडीच्या आत काय होतं ते वेगळं सांगायला नको. डिंक मऊ होतो, टाचेकडून सोल सुटायला लागतो, आणि सुटलेल्या सोलमधले खिळे कितीही नवे असले तरी डगमगतात. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून पंख्याखाली ठेवा, दोन-तीन तासांनी कागद बदला.

मॅटवर लोखंड नको

मॅटवर लोखंडी खिळे घालणाऱ्याला ग्राउंडवाला शिव्या देतो तो मॅट फाटते म्हणून. ते खरंच आहे, काथ्याचे धागे खिळ्यात अडकून निघतात. पण नुकसान तुमचंही आहे. खाली सिमेंट असेल तर खिळा मॅटमधून जाऊन सिमेंटवर टेकतो. तुम्ही अकरा टोकांवर उभे, आणि लोखंड सिमेंटवर सरकतं. नाहीतर उलट होतं, खिळा काथ्यात अडकतो, पाय जागेवर थांबतो आणि अंग फिरतं. ते फिरणं गुडघ्यात जातं. तेव्हा मॅटवर, सिंथेटिकवर आणि नुसत्या सिमेंटवर रबरच.

रबर घालूनही मॅटवर सटकत असेल तर तीन गोष्टी बघा. गुट्ट्यांची टोकं झिजून तळ टायरसारखा गुळगुळीत झालाय का. मॅटवर मुरूम उडून आलाय का, कारण मुरमाचे बारीक खडे रबराखाली छर्ऱ्यांसारखे फिरतात आणि त्याला झाडू हाच उपाय आहे. आणि मॅटच सैल आहे का. पाय पडतो तिथे बुटाने पुढे ढकलून बघा. कापडाला चुणी पडते तशी चुणी उठली तर बूट मॅटवर घसरत नाहीये, मॅट बुटासकट सरकतेय. मॅट ओढून कडेचे खिळे परत ठोका. हे सरावाच्या आधी पाच मिनिटांचं काम आहे, पण प्रत्येकाला वाटतं दुसरा कुणीतरी करेल.

फलंदाजी आणि फिल्डिंग

फलंदाजाला टर्फवर हाफ स्पाइक पुरतात. त्याचा पाय फिरतो, मागची टाच वळते, तिथे खिळा रुतून बसला तर अडचणच. त्याला पंजाची पकड लागते ती धावायला आणि दुसऱ्या रनला वळायला. पूर्ण रबर घालून दमट टर्फवर वळताना सटकलेले आणि रनआउट झालेले मी बरेच बघितलेत. फिल्डिंगला आपल्या मुरमाच्या, विरळ गवताच्या मैदानांवर रबर छान चालतं. सकाळी ओल्या गवताचं आउटफिल्ड असेल तरच खिळे घाला.

बुटाने जे सुटत नाही

ढेकूळ उखडल्याची खूण असेल तर बुटावर पैसे घालू नका. मॅचच्या उत्तरार्धात सगळ्या बॉलरचे पाय एकाच जागी पडून खड्डा झालेला असतो. पंचांना सांगा. खड्डा साफ करून कोरडा करण्याची सोय नियमांत आहे आणि लाकडाचा भुसाही टाकता येतो. त्यानेही भागत नसेल तर क्रीजवर चार बोटं बाजूला सरका किंवा राउंड द विकेट या. मात्र बाजू बदलताना फॉलो-थ्रूकडे लक्ष ठेवा. पॉपिंग क्रीजपासून ५ फूट पुढे सुरू होणारा आणि मधल्या स्टंपांच्या रेषेच्या दोन्ही बाजूंना १-१ फूट असा पट्टा बॉलरला वर्ज्य आहे, आणि नव्या खिळ्यांनी तिथे पाय टाकलात तर पंच बोलणारच.

आणि दोन्ही बुटांत, टर्फवर आणि मॅटवर, सगळीकडेच सटकत असेल तर बूट सोडा, पोराचा मोबाइलवर बाजूने व्हिडिओ काढा. शेवटची उडी नेहमीपेक्षा लांब पडत असेल तर पाय शरीराच्या फार पुढे जाऊन टेकतो, दाब खाली कमी आणि पुढे जास्त लागतो. तसा पाय कुठलाच खिळा धरू शकत नाही. रनअप एक पाऊल मागे घेऊन बघा. बऱ्याच वेळा तो पोरगा रेषेला घाबरून शेवटचं पाऊल ताणत असतो.

पुतण्याच्या किटमध्ये आता एक काड्यापेटी असते. त्यात चार नवे खिळे, चावी आणि आइस्क्रीमची काडी. शनिवारी रात्री तो जेवणाआधी टाचेपासून सुरुवात करतो.